रॅगिंगची तक्रार आणि सात दिवसांचे घड्याळ

पहिल्या वर्षाच्या मुलाने रॅगिंगविरुद्ध लिहिलेला पहिला अर्ज बहुतेक वेळा चार ओळींचा असतो. ‘सीनियर मुले मला खूप त्रास देतात. माझा मानसिक छळ होत आहे. माझे अभ्यासात लक्ष लागत नाही. तरी योग्य ती कारवाई व्हावी ही विनंती.’ यातला शब्दन्‌शब्द खरा असतो आणि तरीही हा अर्ज वाचून समितीला काहीच करता येत नाही. कोण, कधी, कुठे, काय, कोणासमोर यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यात नाही. समिती मुलाला बोलावते. समोर प्राचार्य, प्राध्यापक, एखादा पोलीस अधिकारी बसलेले पाहून मुलगा गांगरतो, तारखा चुकवतो, आणि ‘तक्रारीत तथ्य आढळले नाही’ असा शेरा पडतो. म्हणून हा आढावा कायद्यापेक्षाही त्या एका कागदाचा आहे: तो कसा लिहिला म्हणजे चालतो, कुठे दिला म्हणजे मोजला जातो, आणि दिल्यावर कोणावर काय बंधन येते.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला दोन नियमावल्यांचा आधार आहे आणि दोन्हींची जन्मकथा वेगळी आहे. पहिला आहे १९९९ चा महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंधक कायदा. तो विधिमंडळाने केला तेव्हा देशपातळीवर अशी नियमावली नव्हती. दुसरी आहे विद्यापीठ अनुदान आयोगाची २००९ ची विनियमावली. तिच्यामागे सर्वोच्च न्यायालयाचा मोठा रेटा होता. विश्व जागृती मिशनच्या याचिकेवर २००१ साली न्यायालयाने पहिले मार्गदर्शक आदेश दिले. त्यानंतर केंद्रीय अन्वेषण विभागाचे माजी संचालक आर. के. राघवन यांच्या समितीने २००७ मध्ये अहवाल दिला आणि न्यायालयाने त्यातल्या शिफारशी लागू करायला सांगितल्या. तरीही ८ मार्च २००९ रोजी हिमाचल प्रदेशातल्या टांडा येथील वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरू हा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी सीनियरांच्या मारहाणीनंतर मरण पावला. दोन महिन्यांत न्यायालयाचा नवा आदेश आला आणि त्याच उन्हाळ्यात आयोगाची विनियमावली निघाली. हेल्पलाइन, प्रवेशाच्या वेळचे प्रतिज्ञापत्र, प्रत्येक महाविद्यालयात समिती आणि पथक हे सगळे तिथून आले.

या दोहोंत राज्याचा कायदा लहान आहे, जेमतेम काही कलमांचा. पण तक्रार लिहिणाऱ्याच्या दृष्टीने तोच अधिक धारदार आहे. त्याच्या तिसऱ्या कलमाने रॅगिंगला शैक्षणिक संस्थेच्या आत आणि बाहेर, दोन्हीकडे मनाई केली आहे. चौथ्या कलमात दोन वर्षांपर्यंतचा कारावास आणि दहा हजार रुपयांपर्यंतचा दंड आहे. पण खरा जोर सहाव्या आणि सातव्या कलमांत आहे. विद्यार्थ्याने, त्याच्या पालकाने किंवा शिक्षकाने संस्थाप्रमुखाकडे लेखी तक्रार केली की ती मिळाल्यापासून सात दिवसांत प्रमुखाने चौकशी करायची. प्रथमदर्शनी तथ्य दिसले तर आरोपी विद्यार्थ्याला निलंबित करायचे आणि तक्रार ताबडतोब पोलीस ठाण्याकडे पाठवायची. तथ्य दिसले नाही तर तसे तक्रारदाराला लेखी कळवायचे. गप्प बसण्याचा तिसरा पर्याय कायद्याने ठेवलेलाच नाही. प्रमुखाने यात कसूर केली, तर त्याने गुन्ह्याला साहाय्य केले असे सातवे कलम मानते आणि शिक्षाही गुन्हेगाराइतकीच सांगते.

‘लेखी’ आणि ‘मिळाल्यापासून’ या दोन शब्दांवर हे सगळे उभे आहे. रेक्टरला जिन्यात गाठून सांगितले, वर्गशिक्षकांना फोन केला, आईने कार्यालयात येऊन रडत सांगितले, तर सात दिवसांचे घड्याळ चालू झाल्याचे पुढे सिद्ध करता येत नाही. ते चालू होते आवक विभागाच्या शिक्क्याने. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि घेणाऱ्याची सही, म्हणजे ज्याला आपण पोच म्हणतो ती, हाच या प्रकरणातला पहिला पुरावा असतो. मारहाणीचा पुरावा मिळेल न मिळेल, पण अमुक तारखेला संस्थेला माहीत झाले, हे त्या शिक्क्याने कायमचे ठरते.

हे किती महत्त्वाचे असते ते मुंबईच्या नायर रुग्णालयाच्या प्रकरणात दिसले. टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी यांचा २२ मे २०१९ रोजी वसतिगृहाच्या खोलीत मृत्यू झाला. तीन वरिष्ठ सहकारी डॉक्टरांना अटक झाली आणि जुलैमध्ये आरोपपत्र दाखल झाले. आपण आधीच विभागात तक्रार घेऊन गेलो होतो, असे कुटुंबाने सांगितले. मग चर्चा वळली ती ‘लेखी तक्रार होती का, कोणाकडे होती, समितीपर्यंत पोचली का’ या प्रश्नांकडे. जळगावहून मुंबईला आलेली आई विभागाच्या दारापर्यंत जाते आणि तरी नंतर संस्थेच्या नोंदीत तिचे येणे शोधावे लागते, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते. दोष आईचा मुळीच नाही. आलेल्या माणसाला ‘दोन ओळी लिहून द्या, मी पोच देते’ असे म्हणण्याची जबाबदारी टेबलाच्या पलीकडच्या माणसाची असते. पण तो ती पार पाडेल यावर विसंबता येत नाही, म्हणून अलीकडच्या माणसाला हे माहीत असायला हवे.

याच प्रकरणात पुराव्याचा आणखी एक धडा आहे. पायल यांनी लिहिलेली चिठ्ठी मूळ स्वरूपात सापडली नाही. तिची छायाचित्रे मात्र त्यांच्या मोबाइलमधून न्यायवैद्यक तपासणीत मिळाली. कागद नाहीसा होऊ शकतो; त्याचा फोटो घेतलेल्या दिवशीच तो दुसऱ्या विश्वासू माणसाकडे गेलेला असेल, तर तो नाहीसा करणे अवघड होते.

तारखेची ताकद उलट्या बाजूनेही दिसते. ऑगस्ट २०२३ मध्ये कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठाच्या वसतिगृहातून पडून पहिल्या वर्षाचा एक विद्यार्थी मरण पावला. ९ तारखेच्या रात्री तो पडला आणि १० तारखेच्या पहाटे त्याचा मृत्यू झाला. त्याच्या वहीत अधिष्ठात्यांना उद्देशून लिहिलेले एक पत्र मिळाले. त्यात भलत्याच एका सीनियरवर ठपका होता आणि पत्राखाली तारीख १० ऑगस्ट होती. अक्षर त्या मुलाचे नसल्याचा संशय पोलिसांना आला, पण आधी डोळ्यांत भरली ती तारीखच. खोटी तक्रार रचणाऱ्यालाही तारीख सांभाळता येत नाही. खऱ्या तक्रारदाराने ती सांभाळली, तर तिच्याइतका मजबूत आधार दुसरा नाही.

आता पुण्याच्या शनिवार पेठेकडे येऊ, कारण इथे एक वेगळीच अडचण आहे आणि तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. ओंकारेश्वरापासून रमणबागेपर्यंतच्या गल्ल्यांत जुने वाडे पडून इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांतल्या कित्येक मजल्यांवर कॉट बेसिसवर मुले राहतात. डेक्कन, कर्वे रस्ता, टिळक रस्ता इथली महाविद्यालये चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. महाविद्यालयाच्या वसतिगृहात जागा न मिळालेला लातूरचा किंवा बुलढाण्याचा मुलगा इथे एका खोलीत तिघा-चौघांबरोबर राहतो. त्या खोलीत एक त्याच्याच महाविद्यालयाचा तिसऱ्या वर्षाचा असतो, एक दुसऱ्या महाविद्यालयाचा, आणि एक पदवी संपवून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा. रात्री तिघे मिळून त्याला छळतात. आता तक्रार कोणाकडे करायची? घरमालक म्हणतो, ‘माझा काय संबंध? मी जागा दिली.’ महाविद्यालय म्हणते, ‘ते आमचे वसतिगृह नाही.’

महाविद्यालयाचे हे उत्तर चुकीचे आहे. राज्याच्या कायद्यात ‘संस्थेच्या आत किंवा बाहेर’ असे स्पष्ट म्हटले आहे. आयोगाची विनियमावलीही आवाराच्या आतल्या आणि बाहेरच्या निवासी जागांना, इतकेच नव्हे तर विद्यार्थ्यांच्या प्रवासाच्या साधनांनाही लागू होते. बाहेरच्या खासगी वसतिगृहांची स्थानिक पोलिसांकडे नोंद असावी आणि तिथल्या रॅगिंगवर पोलीस, प्रशासन आणि संस्था या तिघांनी लक्ष ठेवावे, अशीही त्यात अपेक्षा आहे. ही अपेक्षा पेठांमध्ये किती पाळली जाते, हे प्रत्येकाने आपल्या गल्लीत विचारून पाहावे. पण समितीच्या हाताची लांबी मर्यादित आहे, हेही तितकेच खरे. तिला शिक्षा करता येते ती फक्त आपल्या विद्यार्थ्याला. दुसऱ्या महाविद्यालयाच्या मुलासाठी तक्रारीची स्वतंत्र प्रत त्याच्या प्राचार्यांकडे जायला हवी, आणि कुठल्याच संस्थेत नसलेल्या तिसऱ्यासाठी पोलिसांखेरीज मार्ग नाही.

इथे आणखी एक बारीक अडचण आहे. सहावे कलम तक्रार पाठवायला सांगते ती संस्था ज्या हद्दीत आहे त्या पोलीस ठाण्याकडे. घटना शनिवार पेठेत, म्हणजे विश्रामबाग पोलीस ठाण्याच्या हद्दीत, आणि महाविद्यालय नदीपलीकडे दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत असे सहज होते. जुन्या दिवसांत अशा वेळी मुलाला दोन्ही ठाण्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३व्या कलमाने दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न पाहता कोणत्याही ठाण्यात देता येते. ठाणे ती शून्य क्रमांकाने नोंदवून योग्य हद्दीत पाठवते. हद्दीचे कारण सांगून कोणी परत पाठवले, तर या कलमाचा आकडा शांतपणे सांगावा.

आता प्रत्यक्ष अर्ज. पुढचा मजकूर मी नमुन्यासाठी रचलेला आहे, तो कुठल्याही खऱ्या व्यक्तीचा नाही. तारखा २०२५ च्या दिनदर्शिकेप्रमाणे घेतल्या आहेत.

‘प्रति, मा. प्राचार्य तथा अध्यक्ष, रॅगिंग प्रतिबंधक समिती. विषय: दि. १८ ऑगस्ट ते ७ सप्टेंबर २०२५ या काळात माझ्यावर झालेल्या रॅगिंगबाबत तक्रार.

मी प्रथम वर्ष वाणिज्य शाखेत शिकतो. १४ ऑगस्टपासून शनिवार पेठेतील खासगी वसतिगृहात दुसऱ्या मजल्यावर राहतो. तक्रार खालील तिघांविरुद्ध आहे. पहिला आपल्या महाविद्यालयात तृतीय वर्षात आहे. दुसरा अन्य महाविद्यालयात आहे. तिसरा सध्या कोठे शिकतो हे मला माहीत नाही.

१. सोमवार, १८ ऑगस्ट, रात्री सुमारे १०.३०. पहिल्याने मला खोलीच्या मध्ये उभे करून माझ्या गावाकडच्या बोलीत बोलायला लावले. सुमारे चाळीस मिनिटे. दुसरा मोबाइलवर चित्रीकरण करत होता. माझा एक सहनिवासी हजर होता.

२. गुरुवार, २८ ऑगस्ट, पहाटे १२.४० (म्हणजे बुधवार २७ तारखेची, गणेश चतुर्थीची रात्र उलटल्यावर). तिसऱ्याने मला झोपेतून उठवून खाली जाऊन सिगारेट आणायला सांगितले. मी नकार दिला. त्याने उजव्या गालावर दोन थपडा मारल्या. पहिला दारात उभा होता. जिन्याजवळ कॅमेरा आहे. मी १२.५० च्या सुमारास खाली गेलो.

३. २९ ते ३१ ऑगस्टच्या दरम्यान एका संध्याकाळी, नेमकी तारीख आठवत नाही, खानावळीला सुट्टी होती तो दिवस. पहिल्याने माझ्याकडून ५०० रुपये घेतले. मी ते मोबाइलवरून पाठवले, व्यवहाराची प्रत जोडली आहे.

४. रविवार, ७ सप्टेंबर, दुपारी ३. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी. “तक्रार केलीस तर इथे राहू देणार नाही,” असे पहिला म्हणाला. त्या वेळी खोलीत आम्ही दोघेच होतो.

दुसऱ्या खोलीतल्या एका मुलालाही मारल्याचे मी ऐकले आहे, पण प्रत्यक्ष पाहिलेले नाही.

मी याआधी तक्रार केली नाही, कारण मला दुसरी जागा मिळत नव्हती. आज मी नातेवाइकांकडे राहायला गेलो आहे. माझी विनंती अशी की २८ ऑगस्ट पहाटे १२.३० ते १.१५ या वेळेचे जिन्यातील कॅमेऱ्याचे चित्रीकरण जपून ठेवण्यास घरमालकांना आजच लेखी कळवावे.’

खाली सही, तारीख, हजेरी क्रमांक, मोबाइल क्रमांक आणि जोडलेल्या कागदांची यादी.

या अर्जात ‘अमानुष’, ‘क्रूर’, ‘विकृत’ असा एकही शब्द नाही. रागाचे शब्द वगळले म्हणून तो कमी बोलतो असे मला वाटत नाही. चाळीस मिनिटे उभे करून बोली बोलायला लावली, हे वाक्य वाचणाऱ्याला जे समजायचे ते समजते. शिवाय विशेषणावर वाद घालता येतो, चाळीस मिनिटांवर घालायचा तर आरोपीला ती चाळीस मिनिटे आपण कुठे होतो हे सांगावे लागते.

दुसऱ्या मुद्द्यातली पहाटेची तारीख मुद्दाम कंसात उलगडली आहे. अशी प्रकरणे सर्वांत जास्त इथे फसतात. रॅगिंग रात्री बारानंतर होते आणि आपण बोलताना ‘सत्तावीसच्या रात्री’ म्हणतो. कॅमेऱ्याची, मोबाइलची आणि पोलीस डायरीची तारीख मात्र बारा वाजताच बदलते. अर्जात २७ ऑगस्ट लिहिले, समितीने २७ तारखेच्या पहिल्या प्रहराचे चित्रीकरण मागवले, त्यात जिना रिकामा दिसला, आणि आरोपीने २७ च्या पहाटे आपण गावी होतो असे बसचे तिकीट दाखवले, की खरा मुलगा खोटा ठरतो. म्हणून वार, तारीख आणि घड्याळाची वेळ तिन्ही लिहावे आणि मध्यरात्रीनंतरची गोष्ट असेल तर कोणत्या दिवसाची रात्र ते वेगळे सांगावे.

तिसऱ्या मुद्द्यात तारीख आठवत नसल्याचे मोकळेपणी लिहिले आहे. विसर पडला म्हणजे तक्रार कमकुवत होते, असे मुलांना वाटते आणि ती अंदाजाने एखादी तारीख ठोकून देतात. ती चुकली की बाकीच्या तीन खऱ्या तारखांवरही संशय येतो. त्यापेक्षा दोन टोके द्यावीत आणि मध्ये एखादी अशी खूण द्यावी जी दुसऱ्या कोणाला पडताळता येईल. खानावळीची सुट्टी, चाचणीचा पेपर, वीज गेलेली संध्याकाळ, दहीहंडी अशा खुणा चालतात. पैशाचा व्यवहार तर बँकेच्या नोंदीवरून नेमकी तारीख स्वतःच सांगतो. ऐकीव गोष्ट वेगळी काढून ‘मी पाहिलेले नाही’ असे लिहिणे हेही त्याच जातीचे आहे. समितीतल्या अनुभवी माणसाचा विश्वास अशा एका वाक्याने जितका बसतो, तितका दहा आरोपांनी बसत नाही.

कॅमेऱ्याचे चित्रीकरण साठवणीची जागा भरली की जुन्यावर नवे चढत जाते, आणि छोट्या वसतिगृहातल्या यंत्रात हे काही आठवड्यांतच होते. समितीची पहिली बैठक त्याआधी होईलच असे नाही. म्हणून चित्रीकरण जपण्याची विनंती अर्जातच, नेमक्या वेळेसह, हवी. मार लागला असेल तर त्याच दिवशी ससूनमध्ये किंवा जवळच्या दवाखान्यात जाऊन केसपेपर काढावा आणि कसे लागले ते डॉक्टरांना खरे सांगावे. ‘जिन्यावरून पडलो’ असे एकदा केसपेपरवर चढले की ते पुसत नाही. व्हॉट्सॅपचे संदेश पुसू नयेत, मूळ मोबाइल बदलू नये. न्यायालयात पुढे भारतीय साक्ष अधिनियमाच्या ६३व्या कलमाखाली इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागते, आणि मूळ उपकरण हाताशी असेल तर ते देणे सोपे जाते.

पहिल्या मुद्द्यातल्या बोलीबद्दल थोडे. २०१६ मध्ये आयोगाने रॅगिंगच्या व्याख्येत भर घातली. वर्ण, धर्म, जात, लिंग, रूप, भाषिक ओळख, जन्मस्थान, राहण्याचे ठिकाण, आर्थिक स्थिती यांवरून केलेला शारीरिक किंवा मानसिक छळ आणि वाळीत टाकणे हेही रॅगिंग ठरले, आणि ते फक्त नवख्या विद्यार्थ्यापुरते राहिले नाही. पुण्यात मराठवाड्याच्या किंवा विदर्भाच्या मुलाच्या बोलण्याची नक्कल ‘गंमत’ म्हणून खपवली जाते. या भरीनंतर ती तशी खपवता येत नाही. मात्र यासाठी उच्चारलेले शब्द जसेच्या तसे अवतरणात लिहावे लागतात, आणि ते लिहिताना मुलांना लाज वाटते. विशेषतः जातीवरून शिवी दिली असेल तर ती शिवी आणि त्या वेळी आणखी कोण ऐकत होते, हे दोन्ही लिहिणे अटळ आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचा अपमानाचा गुन्हा ‘लोकांच्या दृष्टीसमोर’ घडला का, यावर बरेच काही अवलंबून असते. बंद खोलीत दोघेच असताना आणि चार जणांसमोर उच्चारलेला एकच शब्द कायद्याला वेगळा दिसतो.

अर्ज आत गेल्यावर काय होते ते आता पाहू. समिती आणि पथक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पथक जागेवर जाऊन पाहते, विचारते, अचानक तपासणी करते. समिती शिक्षा ठरवते. समितीचे अध्यक्ष संस्थाप्रमुख असतात आणि तिच्यावर पोलीस व नागरी प्रशासनाचे, स्थानिक माध्यमांचे, युवकांत काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थेचे प्रतिनिधी, प्राध्यापक, कर्मचारी, पालक, तसेच नवे आणि जुने विद्यार्थी असावेत असे विनियम सांगतात. फौजदारी गुन्हा दिसत असेल तर माहिती मिळाल्यापासून चोवीस तासांत प्रमुखाने पोलिसांत खबर द्यायची आहे. म्हणजे घड्याळे दोन आहेत, चोवीस तासांचे आणि सात दिवसांचे, आणि दोन्ही त्या आवक शिक्क्यापासून मोजता येतात. समितीच्या हातातल्या शिक्षा वर्गातून निलंबन, शिष्यवृत्ती किंवा निकाल रोखणे, वसतिगृहातून काढणे इथपासून एक ते चार सत्रे बाहेर ठेवणे आणि कायमचे काढून टाकणे इथपर्यंत जातात. संलग्न महाविद्यालयाच्या आदेशावरचे अपील कुलगुरूंकडे असते.

आरोपी मुलाला बाजू मांडायची पुरेशी संधी द्यावीच लागते. हे योग्य आहे आणि तक्रारदाराने त्याला घाबरू नये. पण त्यासाठी तयार असावे. समोरचा मुलगा अर्जातली प्रत्येक ओळ वाचणार आहे. तारखांनी लिहिलेला अर्ज दोघांनाही न्याय देतो. ज्याने थप्पड मारली त्याला त्या थपडेचे उत्तर द्यावे लागते, आणि दारात नुसता उभा असलेला त्याच मापाने मोजला जात नाही. करणारे ओळखता आले नाहीत तर सामूहिक शिक्षेची तरतूद विनियमांत आहे. ती मला अन्यायाची वाटते, कारण तिच्या भीतीने खोलीतले साक्षीदारच तोंड शिवून बसतात. ती वापरायची वेळ येते ती संदिग्ध तक्रारींमुळे.

सर्वांत जास्त प्रकरणे मरतात ती नियमांच्या अभावी नव्हे, तर मिटवामिटवीने. अर्ज दिल्याच्या दुसऱ्या दिवशी कोणीतरी वडीलधारा मुलाला बाजूला घेतो. ‘त्यांच्या करिअरचा प्रश्न आहे, ती पण कोणाची तरी मुले आहेत, माफीनामा लिहून देतील, तू अर्ज मागे घे.’ मुलगा एकटा असतो, परक्या गावात असतो, हो म्हणतो. अशा वेळी दोन गोष्टी माहीत असाव्यात. विनियमांप्रमाणे प्रमुखाला कृती करायला तक्रारदाराचा अर्जच हवा असे नाही. कुठूनही आलेली माहिती पुरते. म्हणून अर्ज मागे घेतल्याने मिळालेली माहिती नाहीशी होत नाही आणि संस्थेचे कर्तव्यही संपत नाही. आणि उशीर झाला म्हणून दार बंद होत नाही. राज्याच्या कायद्याखालच्या गुन्ह्याला कमाल शिक्षा दोन वर्षांची असल्याने न्यायालयाने दखल घेण्याची सर्वसाधारण मुदत तीन वर्षे आहे. उशिराचे कारण मात्र एका वाक्यात, नमुन्यातल्यासारखे, लिहून टाकावे. नाहीतर तोच पहिला उलट प्रश्न असतो.

या सगळ्याच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. समिती म्हणजे न्यायालय नव्हे. तिला कोणाच्या मोबाइलच्या नोंदी कंपनीकडून मागवता येत नाहीत, बाहेरच्या माणसाला हजर करता येत नाही. शिवाय तिचा अध्यक्ष तोच असतो ज्याच्या संस्थेचे नाव पणाला लागलेले असते. हा दोष रचनेतलाच आहे, आणि त्यावर आज उपलब्ध असलेला उतारा एवढाच की तक्रार एकाच दारात अडकू देऊ नये. त्याच मजकुराची प्रत विद्यापीठाकडे पाठवावी, कारण संलग्न महाविद्यालयांवर देखरेखीचे काम विद्यापीठाच्या कक्षाचे आहे. आयोगाच्या हेल्पलाइनवर, १८००-१८०-५५२२ वर, दिवसरात्र फोन करता येतो. helpline@antiragging.in वर मेल पाठवता येतो. तिथे आलेली माहिती संस्थाप्रमुख, वसतिगृहाचे अधीक्षक, विद्यापीठ आणि जिल्ह्यातले पोलीस व प्रशासन यांच्याकडे जाणे अपेक्षित आहे. म्हणजे जो कागद एका टेबलावर दाबता आला असता, तो चार टेबलांवर एकाच वेळी पोचतो. माहिती देणाऱ्याची ओळख जपण्याची आणि केवळ तक्रार केली म्हणून त्याचे नुकसान होऊ न देण्याची जबाबदारीही विनियमांनी संस्थेवरच टाकली आहे.

पालकांना एक सांगणे. सहाव्या कलमाने तुम्हालाही तक्रारदार मानले आहे. मुलगा लिहायला तयार नसेल, पण फोनवर तो रात्री बोलायचा थांबला असेल, घरून परत जायला टाळत असेल, सारखे पैसे मागत असेल, तर त्याच्याजवळ बसून तारखा विचारा आणि अर्ज तुमच्या सहीने द्या. दोन प्रती काढा. आवक विभाग शिक्का द्यायला तयार नसेल तर वाद घालत बसू नका. तोच अर्ज त्याच दिवशी स्पीड पोस्टने प्राचार्यांच्या नावे पाठवा, पावती जपून ठेवा आणि त्याचा फोटो काढून मेलने पाठवा. पोचल्याची नोंद टपाल खात्याकडे राहते, आणि सात दिवस त्या तारखेपासून मोजता येतात. आठव्या दिवशी लेखी उत्तर आले नसेल, तर दुसरे पत्र द्या. त्यात सहाव्या आणि सातव्या कलमाचा उल्लेख करा आणि पहिल्या अर्जाचा आवक क्रमांक किंवा स्पीड पोस्टच्या पावतीचा क्रमांक लिहा.